४७ × ५३ जमलं, ४६ × ५३ का अडतं? मधल्या आकड्याचा वर्ग आणि उडून जाणारा पाव

प्रश्न: सर, मी सोलापुरात टॉवेल-चादरींच्या होलसेल दुकानात बिलं बघतो. ४७ गुणिले ५३ म्हणजे ५० चा वर्ग वजा ३ चा वर्ग, हे कळलं. पण ४६ गुणिले ५३ आलं की मधला आकडा साडेएकोणपन्नास येतो आणि मी अडकतो. तिथं काय करायचं? आणि ही युक्ती कुठपर्यंत ताणायची?

उत्तर:

आधी उत्तर घ्या. ४९ × ५० = २४५०. त्यातून ३ × ४ = १२ वजा. २४३८. झालं.

साडेएकोणपन्नासचा वर्ग करायची गरजच पडली नाही, आणि दशांश चिन्ह कुठं आलंही नाही. असं का होतं ते नीट बघू, कारण कारण माहीत नसलं तर चार दिवसांनी '३ × ४ घ्यायचं की ३ × ३' असा घोळ होतो. मुलांना शिष्यवृत्ती आणि स्पर्धा परीक्षांसाठी तोंडी हिशेब शिकवताना मला सगळ्यात जास्त हाच घोळ दिसतो.

मूळ गोष्ट तुमच्याच धंद्यातल्या कापडावर दाखवतो. ५३ इंच लांब आणि ४७ इंच रुंद असा एक तुकडा समोर आहे असं धरा. लांबीकडून ३ इंचांची पट्टी कापली. आता तुकडा ५० लांब आणि ४७ रुंद राहिला. ती पट्टी रुंदीच्या बाजूला जोडली, म्हणजे रुंदी ५० झाली. पण जोड ५० इंचांचा पाहिजे आणि पट्टीची लांबी तर ४७ च आहे. त्यामुळं एका कोपऱ्यात ३ × ३ चा चौकोन रिकामा राहतो. कापड तेवढंच आहे, फक्त त्याचा आकार ५० × ५० चा चौरस वजा एक लहान चौरस असा झाला. २५०० − ९ = २४९१. वजाच का करायचं, हे या कोपऱ्यावरून एकदा डोळ्यात बसलं की चिन्ह चुकत नाही. आयताचं कापड त्याच्या मधल्या मापाच्या चौरसापेक्षा नेहमी थोडं कमीच भरतं.

मनातल्या मनात करताना क्रम महत्त्वाचा. पुष्कळ जण दोन आकड्यांची बेरीज करून तिचे निम्मे करतात. मी उलटं शिकवतो. आधी फरक काढायचा: ५३ मधून ४७ गेले, ६. त्याचे निम्मे ३. हे ३ लहान आकड्यात मिळवले की मध्य आला, ५०. यात मोठ्या आकड्याचे निम्मे करावे लागत नाहीत. शिवाय पुढं ज्याचा वर्ग वजा करायचा तो ३ आधीच हाताशी असतो. गिऱ्हाईक समोर उभं असताना डोक्यात एक आकडा कमी धरून ठेवावा लागणं ही मोठी सोय असते.

आता तुमच्या अडचणीकडं. ४६ आणि ५३ मधला फरक ७, त्याचे निम्मे साडेतीन, मध्य साडेएकोणपन्नास. रीत तीच: साडेएकोणपन्नासचा वर्ग वजा साडेतीनचा वर्ग. इथं आपले जुने पाढे कामाला येतात. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे सगळं ज्यांनी घोकलं त्यांना 'साडे'च्या आकड्यांचा गुणाकार नवा नाही. दीडचा वर्ग सव्वादोन, अडीचचा सव्वासहा, साडेतीनचा सव्वाबारा, साडेचारचा सव्वावीस, साडेपाचचा सव्वातीस. प्रत्येक उत्तरात शेवटी पाव आहेच. आणि पाव काढून टाकला की उरतात २, ६, १२, २०, ३०, म्हणजे १ × २, २ × ३, ३ × ४, ४ × ५, ५ × ६.

हे योगायोगानं होत नाही. साडेतीन हा ३ आणि ४ च्या बरोबर मध्ये आहे, दोन्हींपासून अर्ध्यावर. मग आपल्याच रीतीनं ३ × ४ म्हणजे साडेतीनचा वर्ग वजा अर्ध्याचा वर्ग. अर्ध्याचा वर्ग पाव. म्हणून साडेतीनचा वर्ग = ३ × ४ आणि वर पाव. साडेएकोणपन्नासचंही तसंच: ४९ × ५० = २४५० आणि वर पाव.

दोन आकड्यांची बेरीज विषम असेल तर फरकही विषमच असतो. त्यामुळं मध्य 'साडे' आला की अर्धा फरकही 'साडे'च येणार, एकटा कधीच येत नाही. म्हणजे पाव दोन्हीकडं आहे, आणि एकातून दुसरा वजा करताना पाव पावाला खाऊन जातो. चोवीसशे सव्वापन्नास वजा सव्वाबारा म्हणजे सरळ चोवीसशे पन्नास वजा बारा. म्हणून पाव लिहायचाही नाही आणि बोलायचाही नाही. दोन्ही 'साड्यां'च्या जागी त्यांच्या खालच्या-वरच्या आकड्यांचा गुणाकार घ्यायचा, एवढंच लक्षात ठेवायचं.

हाच पाव टाकून देण्यावर युरोपात छापील कोष्टकं उभी राहिली. दोन संख्यांच्या बेरजेच्या वर्गाचा चौथा भाग काढा, त्यातून फरकाच्या वर्गाचा चौथा भाग वजा करा, की गुणाकार मिळतो. तुमच्या उदाहरणात बेरीज ९९, तिचा वर्ग ९८०१, चौथा भाग २४५० आणि पाव. फरक ७, वर्ग ४९, चौथा भाग १२ आणि पाव. आंत्वान व्हॉयझँ या फ्रेंच माणसानं १८१७ मध्ये असं १ ते १००० पर्यंतच्या संख्यांचं कोष्टक छापलं, आणि १८८८ मध्ये योसेफ ब्लाटरचं कोष्टक २ लाखांपर्यंत गेलं. कोष्टकात फक्त पूर्णांक ठेवायचे, पाव सोडून द्यायचा. उत्तर तरी अचूकच येणार, कारण सोडलेला पाव दोन्हीकडं सारखाच असतो. ज्यांच्याकडं यंत्र नव्हतं त्यांनी मोठमोठे गुणाकार दोन नोंदी बघून आणि एक वजाबाकी करून उरकले.

आता खरी मेख. ४९ × ५० सोपं आहे कारण ५० गोल आकडा आहे. मध्य साडेएकसष्ट आला तर? ५८ × ६५ घ्या. फरक ७, निम्मे साडेतीन, मध्य साडेएकसष्ट. मग ६१ × ६२ करा, ३७८२, त्यातून १२ गेले, ३७७०. बरोबर आहे, पण ६१ × ६२ कुठून आणलं? एक गुणाकार टाळायला दुसरा गुणाकार केला, फायदा काय झाला? अशा वेळी मी एक पाऊल सरकतो: ६५ च्या जागी ६४ घेतो. ५८ आणि ६४ चा मध्य ६१, अर्धा फरक ३. ३७२१ − ९ = ३७१२, आणि सोडलेले एक अठ्ठावन्न परत मिळवले की ३७७०. आणि खरं विचाराल तर हे उदाहरण मी यापैकी कशानंच करणार नाही. ६५ चे साठपट ३९००, त्यातून दोन पासष्ट म्हणजे १३० गेले, ३७७०. जवळ गोल आकडा असताना रीतीच्या प्रेमात पडून लांबून जाऊ नये.

म्हणजे सगळा भार मधल्या आकड्याच्या वर्गावर आहे. तो पटकन आला तर युक्ती चालते, नाही आला तर ती ओझं होते. तीसपर्यंतचे वर्ग पाठ असावेत, ते बहुतेकांना शाळेतच पाठ होतात. त्यापुढचे पाठ करत बसू नका, तीच रीत उलटी फिरवा. ६१ चा वर्ग पाहिजे तर ६१ च्या दोन्ही बाजूंना सारखंच सरका, असं की एक टोक गोल आकड्यावर येईल. ११ नं सरकलो तर ५० आणि ७२. त्यांचा गुणाकार ३६००, आणि जेवढं सरकलो त्याचा वर्ग १२१ परत मिळवला की ३७२१. ४३ चा वर्ग: ७ नं सरका, ३६ आणि ५०, १८०० आणि ४९, झाले १८४९. ७८ चा वर्ग: २ नं सरका, ७६ × ८० = ६०८०, वर ४, म्हणजे ६०८४. पाचनं संपणाऱ्या आकड्यांचा जो प्रसिद्ध नियम आहे, ६५ चा वर्ग म्हणजे ६ × ७ = ४२ आणि पुढं २५, तोही हाच: ५ नं सरकून ६० × ७०, वर २५.

भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लीलावतीत वर्ग करण्याच्या ज्या रीती दिल्या, त्यात ही आहे: संख्येतून मनाला येईल तो आकडा वजा करा, तोच तिच्यात मिळवा, दोन्हींचा गुणाकार करून त्या आकड्याचा वर्ग मिळवा. आकडा मनाला येईल तो घ्या, हे सांगणं मला फार आवडतं. कारण सगळं कसब तो आकडा निवडण्यात आहे, बाकी नुसती बेरीज-वजाबाकी.

'कुठपर्यंत ताणायची' याला माझं उत्तर दोन कसोट्यांचं आहे.

पहिली कसोटी शेवटच्या अंकांची. दोन्ही आकड्यांचे शेवटचे अंक मिळून १० होत असतील (७ आणि ३, ८ आणि २, ६ आणि ४), किंवा दोन्ही शून्य असतील, तर मध्य नक्की ० नं किंवा ५ नं संपतो आणि त्याचा वर्ग तोंडावर असतो. ६८ × ८२ बघा: ८ आणि २ मिळून १०, फरक १४, निम्मे ७, मध्य ७५. ५६२५ − ४९ = ५५७६. हे बघायला क्षणभरही लागत नाही. पण अशा जोड्या किती? दोन अंकी कोणतेही दोन आकडे घेतले तर दहातली एकच जोडी अशी असते. उरलेल्या नऊंपैकी काही गोल आकड्याच्या आसपास येतात, पाच तर विषम बेरजेच्या असतात. तेव्हा ही युक्ती रोजच्या सगळ्या गुणाकारांसाठी नाही. ती आपली पाळी कधी येते हे ओळखून वापरायची आहे.

दुसरी कसोटी अर्ध्या फरकाची. त्याचा वर्ग विचार न करता येतो तिथपर्यंतच जायचं. २३ × ९७ मध्ये ३ आणि ७ मिळून १० होतात, मध्य ६० येतो, सगळं छान दिसतं. पण अर्धा फरक ३७. ३६०० वजा १३६९ = २२३१. ३७ चा वर्ग शोधायचा आणि मग हातच्याची वजाबाकी करायची, यापेक्षा २३०० मधून ६९ वजा करणं किती सोपं! तसंच ३८ × ६७. आपल्या रीतीनं मध्य साडेबावन्न, अर्धा फरक साडेचौदा, म्हणून ५२ × ५३ = २७५६, १४ × १५ = २१०, उत्तर २५४६. येतं, पण ६७ चे चाळीसपट २६८० वजा १३४, हे त्याच्या आधी होऊन जातं.

चुका कुठं होतात तेही सांगतो, कारण तोंडी हिशेबात चूक कागदावर मागं राहत नाही, ती पकडावी लागते. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे अर्ध्या फरकाऐवजी पूर्ण फरकाचाच वर्ग वजा करणं. ४७ × ५३ मध्ये ९ ऐवजी ३६ वजा केले की २४६४. दुसरी चूक, वजा करायच्या जागी मिळवणं: २५०९.

बरेच लोक पडताळ्याला नवाचा ताळा वापरतात, अंकांची बेरीज करून नऊ सोडायचे. इथं तो दगा देऊ शकतो. ४७ चे अंक मिळून ११, म्हणजे २. ५३ चे ८. दोन आठे सोळा, म्हणजे ७. खऱ्या उत्तराचा, २४९१ चा ताळा ७ येतो. पण चुकीच्या २४६४ चाही ७ च! कारण पूर्ण फरकाचा वर्ग अर्ध्याच्या वर्गाच्या चौपट असतो, म्हणजे आपण त्या लहान वर्गाच्या तिप्पट जास्त वजा करतो. अर्धा फरक ३, ६, ९ असा तिनाच्या पाढ्यातला असला की ही चूक नवानं भागते, आणि नवाच्या ताळ्याला ती दिसत नाही. बेरीज-वजाबाकीची चूकही अशा वेळी त्याच्या हातून निसटते, २५०९ चा ताळाही ७ च आहे.

म्हणून मी शेवटचा अंक बघायला सांगतो. सात त्रिक एकवीस, तेव्हा उत्तर १ नं संपलं पाहिजे. २४६४ आणि २५०९ दोन्ही तिथंच बाद. हा पडताळा फक्त अर्धा फरक ५ च्या पाढ्यातला असला की आंधळा होतो. ४५ × ५५ मध्ये २५ वजा केले तर २४७५, चुकून मिळवले तर २५२५, दोन्ही ५ नंच संपतात. तेव्हा कापडाचा रिकामा कोपरा आठवायचा: उत्तर २५०० च्या आतच पाहिजे. आणि अर्धा फरक १०, २० असा असेल तर पूर्ण-अर्ध्याची चूकही शेवटच्या अंकावरून कळणार नाही. तिथं फरकाचे निम्मे केले का, एवढं स्वतःला विचारायचं.

'साडे'च्या उदाहरणांत चूक वेगळी होते. ४६ × ५३ करताना मुलं ४९ × ५० बरोबर घेतात, पण पुढं साडेतीनला ३ समजून ९ वजा करतात आणि २४४१ म्हणतात. कुणी ४ समजून १६ वजा करतं, २४३४ येतं. सहा त्रिक अठरा, उत्तर ८ नं संपलं पाहिजे, म्हणून दोन्ही लगेच पकडली जातात. मध्य जर जोडीनं घेतला तर फरकही जोडीनंच घ्यायचा, ३ × ४. आपल्याकडं दुकानांत घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारी मंडळी खूप आहेत. सव्वा-साडे मराठीत चटकन सुचत नसतील तर ते बोलूच नका, '४९-५० ची जोडी, ३-४ ची जोडी' असं म्हणा. हिशेब तोच आहे.

आता तुमच्या बिलांचं. ७२ रुपयांचे ४८ टॉवेल: २ आणि ८, फरक २४, निम्मे १२, मध्य ६०. ३६०० − १४४ = ३४५६. ९६ रुपयांचे ८४ नग: मध्य ९०, ८१०० − ३६ = ८०६४. तीन अंकी आकड्यांनाही हे चालतं, कारण शंभर-दोनशेच्या आसपासचे वर्ग सोपे असतात. २१५ रुपयांच्या १८५ चादरी: मध्य २००, अर्धा फरक १५. ४०,००० − २२५ = ३९,७७५.

आणि गिऱ्हाइकानं १८५ ऐवजी १८७ चादरी घेतल्या तर मध्य २०१ घेऊन पुन्हा सुरुवात करू नका. २०१ चा वर्ग ४०,४०१, १४ चा वर्ग १९६, वजाबाकी करून ४०,२०५ येतात खरे. पण तुमच्याकडं १८५ चं उत्तर तयार आहे, त्यात दोन चादरींचे ४३० रुपये मिळवले की तेच ४०,२०५. सात पंचे पस्तीस, शेवटी ५ आलाच आहे.